थकलेल्या बिलाचे स्मरणपत्र

महिनोन्‌महिने थकलेल्या बिलासाठी ग्राहकाला लिहायच्या पत्राची तयारी पत्राच्या मजकुराआधी सुरू होते. बिल नेमके कुठे अडकले आहे, हे आधी कळावे लागते. त्यासाठी ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाला एकच प्रश्न विचारला तरी पुरतो: बिल बुक झाले आहे का? झाले नसेल तर अडचण कागदांची असते. चलनावर पोच नसते, मालपावती तयार झालेली नसते किंवा पीओमधला दर आणि बिलातला दर जुळत नसतो. बिल बुक होऊनही पैसे येत नसतील तर ग्राहकाची मालाबद्दल तक्रार तरी असते, नाहीतर त्याच्याकडे रोकड नसते. या तिन्ही परिस्थितींत पत्र वेगवेगळे लिहावे लागते. कारण न शोधता पाठवलेल्या कडक पत्रावर ग्राहकाला ‘बिल मिळालेच नाही’ एवढे एक वाक्य लिहून वेळ काढता येतो.

प्रस्तुत लेखकाचा भोसरीत पत्राकामाचा छोटा कारखाना असून उद्यम पोर्टलवर तो सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेला आहे. १२ मार्च २०२४ रोजी या कारखान्याने एका पॅनेल बनवणाऱ्या कंपनीला पावडर कोटिंग केलेल्या ५० पेट्या पोहोचवल्या. पेटीचा दर ४,००० रुपये होता. १८ टक्के जीएसटी धरून बिल २,३६,००० रुपयांचे झाले. पीओमध्ये ६० दिवसांची उधारी लिहिली होती. त्या हिशेबाने ११ मेपर्यंत पैसे यायला हवे होते, पण सप्टेंबर उजाडला तरी ते आले नव्हते. फोनवरची उत्तरे ठरलेली होती: साहेब बाहेरगावी आहेत, पुढच्या शुक्रवारी बघतो, वरून मंजुरी यायची आहे. बिल बुक झाले आहे, एवढे मात्र अकाउंट्सच्या माणसाने सांगितले होते. म्हणजे कागद पुरे होते, आणि पत्र पैशांबद्दलच लिहायचे होते.

अशा पत्राचा आधार २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा हा आहे. त्याच्या कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ही मुदत, करारात काहीही लिहिले असले तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करार नसेल तर ती १५ दिवसांची असते. म्हणून या बिलाची कायद्याने शेवटची तारीख ११ मे नव्हती, २६ एप्रिल होती. त्यानंतर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. त्या काळात बँक रेट ६.७५ टक्के होता. म्हणजे व्याजाचा दर वर्षाला २०.२५ टक्के झाला आणि २६ सप्टेंबरपर्यंतच्या पाच महिन्यांचे व्याज सुमारे २०,६०० रुपये निघाले.

दुसरा मुद्दा ग्राहकाच्या स्वतःच्या खिशाचा होता. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट जीएसटीच्या नियमांनुसार ग्राहकाला व्याजासह उलटवावे लागते. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येते. इथे ही मुदत ८ सप्टेंबरला संपली होती आणि प्रश्न ३६,००० रुपयांच्या क्रेडिटचा होता. व्याजाच्या मागणीकडे परचेसचा माणूस दुर्लक्ष करू शकतो, पण क्रेडिट उलटवण्याचा विषय कंपनीच्या सीएपर्यंत जातो. पत्र कोणाच्या टेबलावर पोहोचेल, हे अशा एका वाक्याने ठरते.

२७ सप्टेंबरला लेखकाने कारखान्याच्या लेटरहेडवर पत्र पाठवले. ते अकाउंट्सच्या नावे होते आणि त्याची प्रत परचेस प्रमुखांना व संचालकांना होती. सोबत बिल, पोच असलेले चलन, पीओ आणि उद्यम प्रमाणपत्र जोडले होते. सुरुवातीच्या परिच्छेदात बिल क्रमांक, तारीख, रक्कम आणि उशीर एवढेच होते. फोन किती वेळा केले, कोणी काय शब्द दिला, याचा उल्लेख मुद्दाम टाळला होता, कारण त्यातून वाद वाढतो आणि मुद्दा बाजूला पडतो. पत्राचा गाभा असा होता:

‘सदर रक्कम कृपया ११ ऑक्टोबरपर्यंत आमच्या खात्यात जमा करावी. एकरकमी देणे शक्य नसल्यास हप्त्यांच्या तारखा त्याच मुदतीत लेखी कळवाव्यात. बिलाबद्दल किंवा मालाबद्दल काही हरकत असल्यास तीही त्याच तारखेपर्यंत लेखी कळवावी. कलम १६ प्रमाणे देय झालेल्या व्याजाचा हिशेब सोबत जोडला आहे. वरील मुदतीत पूर्ण रक्कम मिळाल्यास आम्ही व्याजाची मागणी करणार नाही. तसे न झाल्यास कायद्याने मिळणारे सर्व हक्क आम्ही राखून ठेवत आहोत.’

यात नम्रता ‘कृपया’ या शब्दापुरती नाही. ग्राहकाला तीन वाटा खुल्या ठेवल्या आहेत आणि प्रत्येक वाटेला तारीख आहे. ‘लवकरात लवकर’ असे लिहिले असते तर मुदत कधी संपली हे दोघांनाही सांगता आले नसते. व्याज सोडण्याची तयारी दाखवली आहे, पण ती अटीवर आहे. धमकी कुठेही नाही. ‘कोर्टात खेचू’ असे लिहिले की पत्र अकाउंट्सकडून वकिलाकडे जाते आणि पैसे आणखी लांबतात.

चार दिवसांत उत्तर आले. रक्कम देय असल्याचे मान्य करून कंपनीने तीन पेट्यांच्या कोटिंगवर ओरखडे असल्याचे प्रथमच कळवले. कायद्याप्रमाणे मालाबद्दलची हरकत माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी द्यावी लागते. ती मुदत केव्हाच टळली होती. तरीही तीन पेट्या फुकट पुन्हा रंगवून देणे परवडणारे होते आणि ग्राहक पुढेही हवा होता. लेखकाने ते मान्य केले, मात्र त्यासाठी पैसे अडवू नयेत, असे त्याच उत्तरात लिहिले. कंपनीने १० आणि २५ ऑक्टोबर अशा दोन हप्त्यांच्या तारखा दिल्या. दुसरा हप्ता मूळ मुदतीबाहेरचा असल्याने, या तारखा पाळल्या तरच व्याज सोडले जाईल, असे ईमेलवर पक्के करून घेतले. १,१८,००० रुपयांचे दोन्ही हप्ते वेळेवर आले आणि दिवाळीआधी खाते बंद झाले.

देणे मान्य करणाऱ्या अशा लेखी उत्तराचा आणखी एक उपयोग असतो. थकबाकीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो. मुदत संपण्याआधी ग्राहकाने सहीनिशी देणे मान्य केले तर ती तीन वर्षे त्या तारखेपासून नव्याने मोजली जातात. म्हणून ३१ मार्चची बाकी दाखवून ग्राहकाची सही घेण्याची रीत नियमित व्यवहारातही पाळली जाते.

पत्राला उत्तर आले नाही, तर सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करता येतो. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि तो फसल्यास लवाद नेमला जातो. निवाडा विरोधात गेला आणि खरेदीदाराला त्याला आव्हान द्यायचे असेल, तर रकमेच्या ७५ टक्के आधी जमा करावे लागतात. उद्यम नोंदणी मात्र माल देण्याच्या आधीची असलेली बरी. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण उशिराच्या पैशांबाबतच्या या तरतुदींचा लाभ मिळत नाही. त्याच्या स्मरणपत्रात व्याजाचा आधार पीओमधली किंवा बिलावरची मान्य अट हाच असतो.