जेवण झालं का?

आमच्या गावी, जऊळक्यात मी रामराम ऐकला तो बहुतेक पाहुण्यांसाठी. रोजच्या माणसाला कोणी रामराम घालत बसत नसे. त्याला थेट प्रश्नच विचारायचा. हातात पिशवी घेऊन स्टेशनकडं निघालेल्याला, ‘‘कोनीकडे, काकाजी?’’ ओसरीवर बसलेल्याला, ‘‘झालं काय जेवन?’’ आणि आठ-पंधरा दिवस न दिसलेल्याला, ‘‘बरं हाये ना समदं?’’

प्रवास, जेवण आणि तब्येत हे तीन प्रश्न कोण कुणाला विचारतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो. समोरच्याचं जे आपल्याला दिसतं त्याच्यावरूनच प्रश्न निघतो. अनोळखी माणसाचं काहीच ठाऊक नसतं, म्हणून त्याच्या वाट्याला नुसता रामराम येतो. निघालेल्याला ‘कुठं’ म्हणून विचारायचं नाही, काम होत नाही, अशी आजीची ताकीद असे, म्हणून ‘कोनीकडे’. उत्तरही ठरलेलंच, ‘‘हे जरा वाशिमले.’’ कशाला, ते सांगायची सक्ती नाही.

पुढं नोकरीनं बंगळुरूला गेलो. तिथं दुपारी शेजारचे आजोबा ‘‘ऊट आयता?’’ विचारत. कन्नड येत नव्हतं, तरी हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात कळला. चीन-थायलंडातही जेवणाचं विचारतात, इंडोनेशियात कुठं निघालात म्हणतात.

मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ च्या एका निबंधात अशा बोलण्याबद्दल लिहिलं आहे. तब्येतीची विचारपूस, हवापाण्याच्या गप्पा यांतून माहिती मिळवायची नसते, माणसं नुसती जोडून घ्यायची असतात, असं त्याचं म्हणणं. ते बरंचसं पटतं. नुसत्या नमस्काराला नमस्कार केला की बोलणं तिथंच संपू शकतं. प्रश्नाला मात्र उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर देणारा उलटून ‘‘तुमचं?’’ म्हणतो. दोन्हीकडून दोन शब्द होतातच.

पण जेवणाच्या प्रश्नाला एक अडचण आहे. ‘‘नाही झालं’’ म्हटलं की विचारणाऱ्याला ताट वाढावं लागतं. कोरडवाहू गावात सगळ्यांच्याच घरी ते जमेल असं नसे. म्हणून उपाशी माणूसही ‘‘हाव, झालं’’ म्हणायचा. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना हे पक्कं माहीत होतं. ‘झालं’ ऐकून त्या पुढं जात नसत. थांबून विचारत, ‘‘काय केलतं?’’ भाजीचं नाव चटकन आलं तर ठीक. माणूस अडखळला की त्या त्याला आत बोलवत. पहिला प्रश्न रिवाजाचा असतो, खरी चौकशी दुसऱ्यात असते.

वडील गेल्यापासून आई गावी एकटीच असते. फोनवर तिचंही उत्तर कायम ‘‘झालं’’ असंच. आता मी लगेच भाजी कोणती होती ते विचारतो. ‘‘काल्ची होती थोडी,’’ असं आलं की शेजारी फोन करतो. तुमचंही कोणी गावी एकटं राहत असेल, तर ‘झालं’वर फोन ठेवू नका; काय खाल्लं तेही विचारा.