आठ दिवसांत ढिली होणारी चेन

जुन्या आठवणी लिहिता लिहिता आज जरा गाडीविषयी लिहितो. वसुलीसाठी सौंसर-पांढुर्णा भागातल्या संत्र्याच्या बगिच्यांतून बँकेच्या नोकरीत खूप फिरलो, तेही मोटरसायकलवर. त्यामुळे चेनशी माझी ओळख जुनी आहे.

मागच्या पावसाळ्यात भाचा म्हणाला, "मामाजी, चेन आठ दिवसात ढिली होते जी. मिस्त्री कसून देतो, पुन्हा तेच." तो रोज सौंसरहून पांढुर्ण्याला जातो, मागे सून बसते. ढिली चेन उतरून चाकात अडकली तर दोघंही रस्त्यावर.

इंजिन बंद करून गाडी मेन स्टँडवर लावली. चाक हातानं फिरवत खालच्या चेनच्या मध्यावर बोटानं वर-खाली करून पाहिलं. एका जागी चेन ताठ, दुसऱ्या जागी लोंबती. अशी चेन नेहमी ताठ जागेवरच मोजायची. तिथं २० ते ३० मिलिमीटर हालचाल हवी (साध्या गाड्यांचा हा हिशेब, आपल्या गाडीच्या पुस्तकात पाहून घ्या). लोंबत्या जागेवर कसली तर ताठ जागा जास्तच ताणते आणि बेअरिंग खाते.

मग स्केल घेतलं. खालची चेन ताणून धरली आणि २१ पिना मोजल्या. या गाड्यांच्या चेनीत दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे २० घरांचे २५४ व्हायला हवेत. भरले २६०! २५९ च्या वर गेली की चेन बाद. लोखंड काही ताणत नाही, पिना आणि आतल्या बुशी झिजतात, म्हणून लांबी वाढते. पुढच्या छोट्या चक्राचे दातही आकड्यासारखे वाकले होते. मिस्त्री दर वेळी कसत होता, पण झीज कसून भरत नाही. चेन आणि दोन्ही चक्रं, पूर्ण सेटच बदलला. नवी चेन झिजलेल्या दातांवर चढवली तर तीही लवकर जाते.

कसताना आधी ॲक्सलचा नट सैल करायचा, मग दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखे फिरवून दोन्हीकडच्या खुणा जुळवायच्या, नाहीतर चाक तिरपं बसतं. नट आवळल्यावर ढील पुन्हा मोजायची आणि मागचा ब्रेकही तपासायचा, कारण चाक मागे सरकलं की पॅडलची चाल बदलते.

तेलाचं म्हणाल तर गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना ९० नंबरचं गिअर ऑइल टाकायचं. आमच्या काळ्या मातीचा चिखल लागला असेल तर आधी रॉकेलच्या फडक्यानं पुसून घ्यायची. तेल चेनच्या आतल्या कडेला, पट्ट्यांच्या फटीत थेंब थेंब सोडायचं. चेन फिरली की ते आपोआप बाहेर पसरतं. वरचं उरलेलं पुसून टाका, नाहीतर धूळ चिकटून घासणारा लेपच बनतो. पावसात भिजल्यावर हे त्याच दिवशी करायचं.

भाच्याला आता स्केल देऊन ठेवलंय.