तांब्याच्या पोटातला हिरवा

जुन्नर-आंबेगावात पाण्याच्या दोन तऱ्हा आहेत, आणि तांब्याच्या भांड्याला त्या दोन्ही पक्क्या ठाऊक आहेत. पश्चिमेला, नाणेघाट-भीमाशंकरच्या अंगाला, पाऊस कातळावर पडतो आणि झऱ्यांतून, कोरीव टाक्यांतून जवळजवळ तसाच हंड्यात येतो. ते पाणी हलकं. त्यात डाळ लवकर शिजते, साबणाला फेस भरपूर येतो. पूर्वेला, आळे-बेल्ह्याच्या बाजूला, विहिरी आणि बोअर. तिथलं पाणी जमिनीत खूप दिवस मुरून आलेलं, क्षारांनी जड झालेलं. अशा पाण्याचा जग आतून पाहावा. जिथवर पाणी भरत असतील, नेमकं तिथवर पांढरं कडं धरलेलं असतं. डोंगराकडच्या जगात हे कडं शोधूनही सापडत नाही; तिथे तळाकडे निळसर हिरवे ओघळ असतात, कारण क्षार नसलेलं, किंचित आंबटाकडे झुकलेलं पाणी तांब्यालाच हळूहळू खात असतं.

मला हे रंग वाचायला आवडतात. तांब्याच्या पोटात तीन रंग राहतात आणि तिघांची गोष्ट वेगळी आहे. तपकिरी किंवा काळपट रंग म्हणजे हवेतला प्राणवायू तांब्यावर बसून झालेला पातळ थर. तो बोटाला लागत नाही, भांड्याला घट्ट धरून असतो, आणि खालच्या तांब्याला झाकूनही ठेवतो. त्याला हात लावायचं कारण नाही. पांढरा म्हणजे पाण्यातला चुना. तो नुसता असता तर निरुपद्रवीच, पण त्याच्या खपलीखाली ओल अडकून राहते. आणि हिरवा हा ओल, हवा आणि तांबं यांचा मिळून झालेला. बोटाने घासला तर भुकटी होऊन सुटतो. तो पोटात जाऊ नये म्हणून काढायचा. घासायला बसण्याआधी एवढं ओळखता आलं, तर निम्मं घासणं वाचतं. लखलखीत करण्याच्या हट्टापायी आपल्या घरांत जेवढं तांबं झिजलं, तेवढं पाण्याने झिजलं नसेल.

घोडेगावच्या आत्याकडे रुखवतातली एक अरुंद तोंडाची बाटली आहे. तळाशी बोटभर पाणी राहिलं, झाकण घट्ट लागलं आणि बाटली फडताळात मागे गेली. पुढे कधीतरी ती हाती आली तेव्हा आत्याने मोबाइलची बत्ती तोंडाशी धरली आणि म्हणाली, "बघ गं, आत शेवाळ धरलंय." शेवाळ नव्हतं. खांद्याखालची भिंत तपकिरी, मधे पांढरी रेघ, आणि त्या रेघेच्या खाली, पाणी साचलं होतं तिथे, ओल्या पोपटी रंगाचे ठिपके. लिंबाचे चार थेंब भिंतीवरून सोडले. पांढऱ्या रेघेवर पोहोचले तसे बारीक बुडबुडे सुटले, म्हणजे चुनाच. हिरव्यावर गेले तिथे थेंबच निळसर झाला.

जगात हात जातो, म्हणून तिथे बांधावरची चिंचच बरी. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात कोळायची, चमचाभर मीठ घालायचं आणि चोथ्यासकट बोटांनी फिरवायची. आंबट हिरव्याला आणि चुन्याला विरघळवतं, आणि मिठाची जोड मिळाली की काळपट थरही सुटतो. बाटलीत मात्र हात जात नाही, चोथा गळ्यात अडकतो, भांडी घासायची पूड खळखळूनही पूर्ण निघत नाही. तिथे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व कामाला येतं. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक लहान चमचा. बाटली काठोकाठ भरून पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, झाकण उघडं ठेवून. चुना विरघळताना वायू सुटतो, तो बंद बाटलीत कोंडू नये.

ओतताना पाहण्यासारखं असतं. आत घातलेलं पाणी काचेसारखं होतं, बाहेर येतं ते फिक्या निळ्या-हिरव्या छटेचं. ती छटा म्हणजे विरघळलेलं तांबं. आत्या सवयीने ते तुळशीला घालायला निघाली, तिला अडवलं. एवढं तांबं कुंडीतल्या मुळांना सोसत नाही. ते मोरीतच जावं.

तळाच्या कोपऱ्यात थोडा हिरवा उरलाच होता. त्यासाठी दोन चमचे खडे मीठ, अर्ध्या लिंबाचा रस आणि पेलाभर पाणी. तोंडावर तळहात धरून बाटली मिनिटभर जोरात खळबळवली. मिठाचे खडे घासणीचं काम करतात आणि तांब्यावर ओरखडा उठवत नाहीत. तारेची घासणी इथे कामाची नाही. ती ओरखडे पाडते, त्या ओरखड्यांत ओल बसते, आणि तारेचे तुकडे आत राहिले तर ते स्वतःच गंजतात. हे मिश्रण लगेच ओतून टाकायचं. रात्रभर ठेवलं तर भांडं आणखी स्वच्छ होईल असं वाटतं, पण हिरवा संपल्यावर आंबट आणि हवा मिळून खालच्या तांब्यावरच वळतात. सकाळी भिंत खडबडीत लागते आणि पुढचा हिरवा लवकर येतो.

बाटली तीन-चार पाण्यांनी विसळली. मग अर्धा चमचा खाण्याचा सोडा घातलेलं पाणी फिरवलं, म्हणजे राहिलेला आंबटपणा मरतो, आणि पुन्हा साध्या पाण्याने. मीठ-लिंबाचा अंश मागे राहिला तर दुसऱ्या दिवशीच हिरवं दिसतं, आणि दोष तांब्याला लागतो. बाटली तिरकी पालथी ठेवली, आत हवा खेळेल अशी. बत्ती धरून पाहिलं तर आतून गुलाबी झाली होती, नव्या तांब्याचा असतो तसा कोवळा गुलाबी. हा रंग थोड्याच दिवसांत तपकिरी होतो. होऊ द्यावा.

तांब्यातल्या पाण्यात खरा गुण आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६ तास तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू उरले नाहीत, आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या लिटरला २ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या खूप खाली राहिलं. पण हे रात्रभर ठेवलेल्या साध्या पाण्याचं झालं. त्यात लिंबू पिळलं, ताक किंवा सरबत भरलं, तर तेच तांबं भराभर उतरतं. ताक कळकतं आणि ते प्यायल्यावर मळमळतं. पाण्याला कडवट धातूची चव आली तर ते ओतून द्यावं, आणि धुतल्यानंतरचं पहिलं भरलेलं पाणीही पिऊ नये.

बाटलीचं पोट साफ झालं तरी झाकणाकडे पाहायचं राहून जातं. तिथल्या आट्यांत आणि रबराच्या कड्याखाली पाणी अडकतं, म्हणून हिरवा सगळ्यात आधी तिथेच येतो. कडं काढून वेगळं धुवावं आणि आट्यांवरून जुना दात घासायचा ब्रश फिरवावा. जुन्या जगांत ही जागा तळाच्या सांध्याची. आतून कल्हई असेल, रुपेरी चमक दिसेल, तर चिंच-मिठाने जोर लावू नये; कल्हईच निघून जाते. आणि धुऊन, वाळवूनही हिरवी रेघ डाखाच्याच ओळीत पुन्हापुन्हा उमटत असेल, तर तिथली भेग पाणी धरते आहे. तो जग तांबटाकडे नेऊन सांधा नव्याने करून घ्यावा, किंवा पिण्याच्या पाण्यासाठी वापरणं थांबवावं.