असोले नारळ आणि सकाळची बॅच

मे महिन्यात मामाकडे जमलेल्या पोरांना पोहायला शिकवायचं ठरलं, की पहिली शोधाशोध असायची दोन सुक्या असोल्या नारळांची. आतलं पाणी आटलेलं आणि सोडण पार वाळलेलं हवं, तरच नारळ पोराचं वजन पेलतो. दोन नारळ हातभर सुंभाने जोडायचे, सुंभ छातीखालून घ्यायचा आणि एकेक नारळ काखेपाशी वर येऊ द्यायचा. कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक घोडेबावीच्या पायरीवर उभ्या मामाच्या हातात. सुंभ घसरून पोटाखाली गेला की ढुंगण वर आणि डोकं पाण्यात, म्हणून मामाची नजर सुंभावरून हलत नसे. "पाय मार रे, खाली कित्याक बघतस?" एवढाच अभ्यासक्रम. पुढे लहान नारळ, मग एकच, मग नुसता दोर. सोडण भिजून जड झालं की नारळ उन्हात आणि पोरांना सुट्टी. फी म्हणजे बावीतला गाळ उपसताना घमेली पुढे द्यायची. मुली मात्र काठावर आमचे कपडे सांभाळत बसत. त्यांना पाण्यात उतरवायचं कुणाच्या मनातही येत नसे.

बावीत नीट तरंगणाऱ्यालाच समुद्रावर नेत, आणि तिथली वेळ तिथीवरून निघे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ. हा हिशेब मुंबईकडे जास्त जुळतो. मालवणात भरती तास-पाऊण तास आधी पुरी होते, म्हणजे साडेसातच्या आसपास. तेव्हा सहाला उतरायचं आणि पाणी वळायच्या आत, सातला, बाहेर. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तास पुढे. सुकती लागली की ओढ बाहेरची, मग कितीही हट्ट करा, मामा वाळूवरून हलत नसे.

आता सकाळी सहा ते सात, सात ते आठ, संध्याकाळी चार ते पाच अशा बॅचेस असतात आणि अमावास्या असो की अष्टमी, वेळ तीच. तलावाला तिथी नसते. फॉर्मवर पालकांची सही, डॉक्टरांचा दाखला, उथळ भागाला दोरी, काठावर रिंग आणि जीवरक्षक. मुलींची स्वतंत्र बॅच असते, आणि या एका गोष्टीसाठी मी जुने दिवस परत मागणार नाही. शिवाय आता मे महिन्यात बावीचा तळ दिसतो आणि समुद्र खवळायला लागतो. २५ मेच्या सुमारास पर्यटकांच्या जलक्रीडाही बंद होतात. शाळेची सुट्टी नेमकी तेव्हाच पडते. मग तलावाखेरीज पोरांनी शिकायचं कुठे?

फीचे तक्ते मात्र नीट वाचावेत. साधी बॅच, लहान गट, एकट्याला शिकवणी, भावंडांना सवलत असे त्यात प्रकार असतात. तासाच्या बॅचला एक प्रशिक्षक आणि वीस मुलं असतील, तर एका मुलाच्या वाट्याला तीन मिनिटं येतात. पाच मुलांच्या गटात तीच बारा होतात. जास्तीचे पैसे आपण या मिनिटांचे देतो. 'संपूर्ण सुरक्षितता' असं लिहिलेलं असेल तर विचारावं, शिकवणारा आणि नजर ठेवणारा एकच माणूस आहे का? बुडणारं मूल सहसा ओरडत नाही. ते पाण्यात उभं होतं, डोकं मागे टाकतं, तोंड पाण्याच्या रेषेशी येतं, हात पाणी खाली दाबत राहतात आणि मूल जागचं हलत नाही. हे सगळं मिनिटभरात उरकतं. दुसऱ्या पोराचे पाय धरून शिकवणाऱ्याला ते दिसेलच असं नाही. मामाच्या दोराला एका वेळी एकच पोर असे.

शिवाय ती हमी तलावाच्या भिंतींपुरती आहे. एप्रिल २०१७ मध्ये वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे सात विद्यार्थी आणि एक प्राध्यापक बुडाले. आपल्या किनाऱ्यावर लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा शांत, गडद दिसतो. नवख्याला तोच सुरक्षित वाटतो, पण आलेलं पाणी तिथूनच परत समुद्रात जात असतं. त्यात सापडल्यावर किनाऱ्याच्या दिशेने झटलं की दम संपतो. तरंगत राहून किनाऱ्याला समांतर सरकावं, ओढ सुटली की लाटांबरोबर आत यावं. पंचवीस मीटर सुरेख क्रॉल मारणाऱ्या मुलाला हे आपोआप कळत नाही.

म्हणून बॅचच्या शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्राआधी दोन गोष्टी करून घ्यायला सांगाव्यात: खोल पाण्यात तळाला पाय न लावता पाच मिनिटं उताणं तरंगणं, आणि अंगात शर्ट-चड्डी असताना काठ गाठणं. नारळवाल्या पोरांना पहिली गोष्ट सक्तीनेच यायची, कारण बावीला उथळ बाजू नव्हती. ज्या बॅचमध्ये ती शिकवतात, तिची फी थोडी जास्त असली तरी द्यावी. समुद्रासाठी डिसेंबर आहेच. तेव्हा पाणी निवळतं आणि चिवल्याच्या किनाऱ्यावर राज्यभरातली पोरं सागरी जलतरण स्पर्धेला येतात. मे महिन्यातल्या बॅचची खरी परीक्षा तिथे बघावी, आणि जाताना पंचांगात तिथी पाहून जावं.