मामंजींचा थर्मास

मामंजींना रात्री दोन-तीनदा घोटभर कोमट पाणी लागते. म्हणून आमच्या इंदूरच्या घरी त्यांच्या उशाशी दाबाचा थर्मास ठेवलेला असतो. डोक्यावरची गादी दाबली की नळीतून पाणी पेल्यात येते. कुणाला उठवावे लागत नाही. गेल्या थंडीत सकाळी थर्मास जवळजवळ भरलेलाच सापडू लागला. विचारले तर म्हणाले, "तहानच लागत नाही, सूनबाई." मी स्वतः दाबून पाहिले. पूर्वी एका दाबात अर्धा पेला भरे, आता जेमतेम दोन चमचे पाणी आले. संधिवाताने आखडलेल्या त्या बोटांनी किती वेळा दाबावे?

या थर्मासात पाणी वर ओढले जात नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. गादी दाबली की हवा आत जाते आणि तिच्या दाबाने पाणी नळीतून वर चढते. म्हणजे दोष तीनच ठिकाणी संभवतो: हवा भरणारी गादी, पाणी नेणारी नळी आणि हवा कोंडून धरणारे रबरी वायसर.

थर्मास रिकामा करून मी झाकण काढले. गादी दाबून सोडली, ती टुणकन पूर्ण वर आली; खालच्या भोकातून तळहातावर हवेचा झोतही लागला. म्हणजे स्प्रिंग शाबूत होती. ती गंजली असती, तर गादी अर्ध्यावर रेंगाळली असती. म्हणूनच झाकण कधी पाण्यात बुडवू नये, ओल्या फडक्याने पुसावे.

मग नळी ओढून काढली. उजेडासमोर धरली, आत क्षार साचले नव्हते. खालचे तोंड बोटाने बंद करून, नळी पाण्यात धरून वरून फुंकले. एकही बुडबुडा निघाला नाही. चीर असती, तर तोटीतून पाण्याबरोबर हवेचे फुरफुर आले असते.

उरले वायसर. नळी बसवून थर्मासात अर्धे कोमट पाणी भरले, झाकण लावले आणि ओले बोट झाकणाच्या सांध्यावर फिरवत दाबले. एका बाजूला बारीक फुसकारा बोटाला थंड लागला. वायसर काढून पाहिले, तर त्या बाजूला ते चपटे होऊन कडक झाले होते. धुऊन, उलटे करून बसवल्यावर एका दाबात पाव पेला आला. पण कडक रबर पुन्हा मऊ होत नाही. जुने वायसर बरोबर नेऊन त्याच मापाचे नवे आणले. ते जाडीला किंचित कमी असले, तरी हवा निसटतेच.

त्या रात्री मामंजींच्या खोलीतून गादी दाबल्याचा आवाज एकदाच आला. सकाळी थर्मास निम्मा रिकामा होता. तहानेविषयी मी काही विचारले नाही, आणि त्यांनीही काही सांगितले नाही.