परिषदेला "नाही" कळवलं, त्याची गोष्ट

१८ नोव्हेंबरच्या द्राक्ष परिषदेत बोलायला मी का येत नाही, असं काही जणांनी फोन करून विचारलं. आयोजकांना पाठवलेलं पत्रच खाली देतो.

"सर, नमस्कार. आठवणीने बोलावलंत, बरं वाटलं. पण १८ तारखेला मला येता येणार नाही. माझी छाटणी १० ऑक्टोबरची. त्या दिवशी बाग ३९ दिवसांची, म्हणजे ऐन फुलोऱ्यात असेल. पानावरचा डाऊनी एक वेळ आवरता येतो, पण फुलोऱ्यात तो घडावर गेला की घड हातचा जातो. दव किती वेळ टिकलं, पानाच्या मागे पांढरं दिसतंय का, हे सकाळी बघूनच फवारणी ठरते. ते काम दुसऱ्यावर सोपवून येणं मला जमायचं नाही.

विषय 'पावसातला डाऊनी' आहे, म्हणून एक नाव सुचवतो. सटाण्याकडचे माझे मित्र अर्ली छाटणी घेतात. यंदाची १० ऑगस्टची. त्यांचा फुलोरा सप्टेंबरच्या पावसात गेला, त्यामुळे या विषयात माझ्यापेक्षा त्यांचाच अनुभव जास्त. १८ तारखेला त्यांची बाग १०० दिवसांची होईल, एक दिवस निघू शकतात. मी त्यांना विचारलंय. ते म्हणाले, 'भाषण आपल्याला येत नाही. प्रश्न विचारा, फवारणीची वही घेऊन येतो.' तेव्हा त्यांच्यासाठी भाषणाऐवजी प्रश्नोत्तरं ठेवावीत. नंबर सोबत देतोय.

माझ्याकडे यायचं तर मणी सेट झाल्यावर, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, शिवारफेरी ठेवा. वीस-पंचवीस जण चालतील. येताना दुसऱ्या बागेतले बूट-चपला धुऊन या, एवढीच विनंती. आपला नम्र."

आता थोडं या पत्राबद्दल. नकार दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच आहे. आपल्याकडे "बघतो, जमवतो" म्हणायची सवय. तेवढ्यावर पत्रिकेत नाव छापून येतं, आणि आदल्या दिवशी फोन बंद ठेवावा लागतो! आमंत्रण आलं त्याच संध्याकाळी छाटणीच्या तारखेपासून दिवस मोजले आणि दुसऱ्या दिवशी कळवलं. पत्रिका छापायची होती, म्हणून त्यांना माणूस बदलता आला.

मित्राला मात्र पत्राआधी फोन केला. न विचारता कुणाचं नाव पुढे केलं तर तोही "नाही" म्हणतो, आणि आयोजकांची दोनदा पंचाईत होते. डिसेंबरचा आठवडाही पाळता येईल असाच दिलाय. "पुढच्या वर्षी नक्की" लिहिलं नाही, कारण पुढच्या वर्षीची छाटणी पाऊस ठरवणार.

सरांचा फोन आला. प्रश्नोत्तरांना एक तास दिलाय. शिवारफेरीची तारीख मणी सेट झाले की इथेच टाकतो. सटाण्याच्या भाऊंना विचारायचं असेल तर आपापल्या छाटणीची तारीख लिहून न्या, ते आधी तेच विचारतात.