सातची शाळा आणि ‘आळशी’ पोरं

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दहावीची एक मुलगी पुस्तकावर डोकं ठेवून झोपते. तिची शाळा सकाळी सातला भरते. पाणी पाचला येतं, म्हणून ती साडेचारला उठते. शाळेच्या वहीत तिच्या नावापुढे ‘आळशी’ असा शेरा आहे. आम्हीही तिला ‘लवकर झोपत जा’ म्हणायचो. आमचं चुकत होतं.

वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं. त्यामुळे दहाला अंथरुणावर पडूनही अकरापर्यंत डोळा लागत नाही. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. मग सातच्या शाळेसाठी कापली जाते ती पहाटेची झोप.

अमेरिकेतल्या सिएटलने 2016 मध्ये बहुतेक हायस्कुलांची वेळ 7.50 वरून 8.45 केली. दोन शाळांतल्या दहावीच्या मुलांच्या मनगटावर झोप मोजणारी घड्याळं बांधली. बदलाआधी एका तुकडीच्या, नंतर पुढच्या तुकडीच्या. मुलं उशिरापर्यंत जागतील, ही भीती खोटी ठरली. शाळेच्या दिवसांतली झोप सरासरी 34 मिनिटांनी वाढली आणि दिवसाची पेंग कमी झाली.

आमच्यासाठी महत्त्वाचं पुढे आहे. फ्रँकलिन शाळेत गरीब आणि गौरेतर मुलं जास्त, तर रूझवेल्ट शाळा सुखवस्तूंची. पहिल्या तासाची गैरहजेरी आणि उशीर फ्रँकलिनमध्ये घटले, रूझवेल्टमध्ये फारसा फरक पडला नाही. म्हणजे लवकरच्या घंटेचा दंड गरिबाचं पोर जास्त भरत होतं. ज्याच्या दारात गाडी उभी असते, त्याची बस चुकली तरी हजेरी चुकत नाही.

अभ्यास दोनच शाळांचा आहे, हे मान्य करू. मनाच्या आरोग्याबद्दलही जपून बोलावं लागेल. कमी झोपणाऱ्या मुलांत उदासीची लक्षणं जास्त दिसतात हे खरं, पण उदासीनेही झोप उडते. फक्त घंटा बदलून नैराश्य जाईल, असं आम्ही म्हणत नाही.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये शाळा नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, पण ते चौथीपर्यंतच. ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकतं, ती आठवी-दहावीची मुलं बाहेरच राहिली. एका इमारतीत दोन पाळ्या, ही अडचण खरी आहे. पण मग पहाटेची पाळी मोठ्यांनाच का? शाळा उशिरा सुटली तर संध्याकाळी काम करणाऱ्या मुलांचं काय, हेही आधी त्यांनाच विचारावं लागेल.

शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक आहेत. पुढच्या बैठकीला जाताना त्यांनी एक काम करावं: महिनाभराच्या हजेरीपटातून पहिल्या तासाला कोण उशिरा येतं, कोण येतच नाही, ते मोजावं. ती नावं कुठल्या वस्त्यांतली आहेत, ते बैठकीत मांडावं. त्यानंतर ‘आळशी’ हा शेरा कुणाच्या नावापुढे लिहायचा, ते ठरवू.